खडखड, खळखळ, खणखण : दुसरं अक्षर ऐका

प्रश्न : असे शब्द म्हणजे नुसती आवाजाची नक्कल, की अक्षरांतच अर्थ असतो? कवितेसाठी नवे बनवता येतात का?

उत्तर : नक्कल आहेच, पण ती तोंडाने केलेली आहे. म्हणून शब्द तपासायचा तो जिभेवर.

‘ख’ कायम ठेवा आणि फक्त पुढचं अक्षर बदला. खटखट म्हणताना ‘ट’पाशी हवा पूर्ण अडते, स्वरतंतूही थांबतात. त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा पडतो, दारावरच्या थापेसारखा. खडखडमध्ये जीभ आपटते पण घशातला आवाज चालूच राहतो, म्हणून ठोके एकमेकांना लागून येतात. रिकामी बैलगाडी दगडी वाटेवरून जाते तशी. ‘ण’ला तोंड बंद आणि नाक उघडं, म्हणून नाणं खणखणतं : आघात संपला तरी नाद उरतो. ‘ळ’ म्हणताना हवा जिभेच्या कडांनी वाहत राहते. गोदावरी खळखळते ती त्यामुळे. ती खटखटणार नाही, कितीही जोर लावा.

आता स्वर बदला. खळखळ उघड्यावरची. खुळखुळ म्हणताना ओठ आवळले जातात, तोंडाची पोकळी अरुंद होते, आणि अर्थही बंद जागेतला होतो : खुळखुळा, किंवा काढणीला आलेली तुरीची वाळली शेंग. शेंग कानाशी हलवा. दाणा सुटला असेल तरच ती खुळखुळते. ओली असेल तर मुकी.

नवा शब्द बनवायचा तर आधी हे ठरवा की आघातानंतर काय होतं : आवाज तुटतो, घुमतो की वाहतो? त्यावरून दुसरं अक्षर घ्या. पहिलं अक्षर आघाताची जात सांगतं. वीज कडकडते, गाडी खडखडते. ‘क’ कोरडा, ‘ख’मध्ये श्वास मिसळलेला. तोंडापुढे तळहात धरा, फरक लागतो.

शाळेत हे सगळं ‘अभ्यस्त शब्द’ या खणात टाकून याद्या पाठ करून घेतात. पानांची सळसळ, पाखरांचा किलबिलाट, जोड्या लावा, दोन गुण! ‘पानांची खडखड का नाही?’ असं कुणी विचारत नाही. खरं तर वाळक्या सागाच्या पानांची ती होतेही. यादीतला शब्द नियम म्हणून शिकवणं मला तरी अडाणीपणा वाटतो. अशा शब्दांना गावंढळ म्हणून निबंधातून खोडणारे तर त्याहून थोर. त्यांनी ‘खदखदणारा असंतोष’ लिहू नये मग. तो चुलीवरच्या वरणातूनच आलाय.

एक राहिलं. हा कायदा नाही, कल आहे. अंगात कणकण असते तिला आवाज नसतो. वाण्याकडची खसखस फारसीतून आलेली, खसखसून भांडी घासण्याशी तिचं नातं नाही. आणि कोंबडा आपल्याकडे कुकूचकू करतो, इंग्रजीत कॉक-अ-डूडल-डू, कोंबडा तोच.