एक शीट, चार जण आणि प्रत्येकाची वेगळी रांग

*"आमच्या द्राक्ष पॅकहाऊसची प्लॉटची यादी गूगल शीटवर आहे, आम्ही चौघं ती दिवसभर उघडी ठेवतो. मी गावाप्रमाणे लावली की अकाउंटवाल्या ताईंची तारखेची रांग मोडते. त्यांनी फिल्टर लावला की माझे प्लॉट गायब. चार वेगळ्या फाइली न करता प्रत्येकाला आपापलं बघता येईल का? दिंडोरी, जि. नाशिक."*

येईल. त्याला फिल्टर व्ह्यू म्हणतात, आणि चार फाइली करायच्या नाहीत हे तुम्ही बरोबर ठरवलंय. मीही निफाड भागातल्या एका पॅकहाऊसचा हिशेब बघतो, त्यामुळे उदाहरण द्राक्षाचंच घेतो.

आधी तुमच्याकडे आत्ता काय होतंय ते बघू, कारण ते दिसतं त्यापेक्षा जास्त नुकसान करतं. तुम्ही बहुतेक `Data` मेनूतलं `Create a filter` वापरताय. हा फिल्टर शीटचा असतो, माणसाचा नाही. एकाने लावला की सगळ्यांना लागतो. ओळी लपल्या तर फारसं बिघडत नाही, फिल्टर काढला की त्या परत दिसतात. सॉर्टचं मात्र तसं नाही. या फिल्टरच्या बाणातून गावाप्रमाणे सॉर्ट केलं की ओळी खरोखर जागा बदलतात आणि फिल्टर काढला तरी जुना क्रम परत येत नाही.

याचा खरा फटका पेमेंटच्या शीटला बसतो. समजा तिथे कुणीतरी `=Plots!I14` असं लिहून एका बागायतदाराचे क्रेट ओढून घेतलेत. सॉर्टनंतर चौदाव्या ओळीवर दुसरा बागायतदार येतो, पण ते सूत्र चौदाव्या ओळीलाच धरून बसतं. एरर येत नाही, लाल काही दिसत नाही, फक्त एकाचे क्रेट दुसऱ्याच्या नावावर चढतात. म्हणून आज पहिलं काम करा. अगदी डावीकडे एक अनुक्रमांकाचा कॉलम टाका आणि त्यात सूत्र न घालता साधे आकडे भरा. पुढे कधी कुणी खरं सॉर्ट केलंच, तर त्या कॉलमवर सॉर्ट करून मूळ क्रम परत आणता येतो.

आता तुमची शीट अशी धरू: A क्रमांक, B बागायतदार, C गाव, D प्लॉट नंबर, E वाण, F छाटणीची तारीख, G काढणीची तारीख, H रेसिड्यू रिपोर्ट, I क्रेट, J पेमेंट. टॅबचं नाव `Plots`. तुम्हाला फील्डसाठी एका गावचे प्लॉट हवेत, समजा मोहाडीचे. लॅबचं काम बघणाऱ्याला ज्यांचा रिपोर्ट बाकी आहे तेवढेच हवेत, तेही काढणीच्या तारखेने, कारण युरोपला जाणाऱ्या मालाचा रिपोर्ट आल्याशिवाय बागेत कात्री घालता येत नाही. ताईंना काढणी झालेले पण पेमेंट न झालेले प्लॉट हवेत.

सुरुवातीला `Data` मधून `Remove filter` करून सगळ्यांचा मिळून असलेला फिल्टर काढून टाका. मग `Data`, त्यात `Create filter view`. पट्ट्या काळपट झाल्या, म्हणजे डावीकडचे ओळींचे आकडे आणि वरची A, B, C ही अक्षरं गडद दिसू लागली, की तुम्ही व्ह्यूच्या आत आहात. पट्ट्या नेहमीच्या फिक्या असतील तर तुम्ही सगळ्यांच्या शीटवर आहात. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चौघांनी ही खूण लक्षात ठेवा. व्ह्यूला नाव द्या, `Save view` असं बटण दिसलं तर ते दाबा. नावं माणसाची ठेवू नका, कामाची ठेवा: "फील्ड – मोहाडी", "रिपोर्ट बाकी", "पेमेंट बाकी". माणसं सीझनला बदलतात, कामं तीच राहतात.

आता या व्ह्यूत हेडिंगवरच्या खुणेतून सॉर्ट करा, फिल्टर करा, काहीही करा. ओळी फक्त या व्ह्यूत हलतील, मूळ शीटमध्ये जागच्या जागी राहतील. मात्र `Data` मधलं `Sort sheet` किंवा `Sort range` वापरू नका, ते खऱ्या ओळी हलवतं. तसंच ओळीवर राइट क्लिक करून ती लपवली तर ती सगळ्यांनाच लपते. व्ह्यूचं वेगळेपण फक्त हेडिंगवरच्या त्या खुणेपुरतं आहे.

आतला मजकूर मात्र सगळ्यांचा एकच. व्ह्यूत असताना क्रेटचा आकडा बदलला, सेल रंगवला किंवा ओळ डिलीट केली, तर ते सगळ्यांकडे झालं. नवीन माणसाला हे पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर तो "माझ्या व्ह्यूतून" चार प्लॉट उडवून मोकळा होईल.

आता फिल्टर कसा लावायचा. ही बाब बहुतेकांना माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गावाच्या कॉलमवर खूण दाबली की `Filter by values` मध्ये सगळ्या गावांची यादी येते. बाकीच्या टिचक्या काढून फक्त मोहाडी ठेवली की काम झालं असं वाटतं. पण शीट "मोहाडी दाखव" असं लक्षात ठेवत नाही. "पिंपळगाव लपव, खेडगाव लपव, वणी लपव" असं लक्षात ठेवते. उद्या जानोरीचा पहिला प्लॉट यादीत आला की तो लपवायच्या यादीत नसतो, आणि तुमच्या मोहाडीच्या व्ह्यूत जानोरी डोकावते. कुणी व्ह्यू बिघडवला म्हणून भांडण होतं, पण कुणीच काही केलेलं नसतं.

यावर उपाय म्हणजे `Filter by condition`, त्यात `Text is exactly` आणि पुढे मोहाडी. आता मोहाडीच दिसेल, नवीन गाव आलं तरी. पण याची दुसरी बाजू बघा. कुणी "मोहाडि" लिहिलं तर तो प्लॉट तुमच्या व्ह्यूतून गुपचूप गायब होतो. टिचक्यांच्या पद्धतीत चुकीचं स्पेलिंग निदान डोळ्यांसमोर तरी येत होतं. "रिपोर्ट बाकी" च्या व्ह्यूत असं झालं तर ते महागात पडतं, कारण न दिसलेल्या प्लॉटचा नमुना लॅबला जातच नाही.

म्हणून अट लावायची असेल तर आधी त्या कॉलममध्ये हाताने टाइप करणं बंद करा. C आणि H कॉलम एकेक करून निवडून `Data`, `Data validation` मधून प्रत्येकाला त्याच्या यादीचा ड्रॉपडाऊन लावा आणि यादीबाहेरचा शब्द नाकारण्यासाठी `Reject the input` निवडा. गावांची यादी एका वेगळ्या टॅबवर ठेवा. नवीन गाव आलं की ते आधी तिथे चढवायचं, मग प्लॉटची ओळ भरायची. माझ्या मते ड्रॉपडाऊनशिवाय फिल्टर व्ह्यू वापरणं हे अर्धंच काम आहे.

व्ह्यूत बसून "बाकी" चं "आला" केलं तर ती ओळ लगेच नाहीशी होईलच असं नाही. व्ह्यू बंद करून पुन्हा उघडला की जाते. ती अजून दिसतेय म्हणून कुणी परत बदलू नये.

दुसरा घोटाळा रेंजचा. व्ह्यूच्या सेटिंगमध्ये त्याची रेंज दिसते. ती `A1:J240` असेल आणि प्लॉट २४१व्या ओळीवर भरला, तर तो व्ह्यूच्या बाहेर राहतो, त्याला सॉर्टही लागत नाही आणि फिल्टरही. व्ह्यूच्या तळाशी एखादा प्लॉट सगळ्यांपासून वेगळा, फिल्टर न जुमानता पडलेला दिसला, तर आधी रेंज बघा. सुरुवातीलाच ती शीटच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाढवून ठेवा. नवीन प्लॉट भरताना व्ह्यू बंद करून मूळ शीटवर भरा, म्हणजे ओळ नेमकी कुठे जातेय ते दिसतं.

एडिट करायची परवानगी असलेल्या कुणालाही कुणाचाही व्ह्यू उघडता, बदलता आणि पुसता येतो. ताईंचा व्ह्यू उघडून तुम्ही त्यात फेरफार करून जतन केलात तर त्यांचाही बदलला. थोडा वेगळा हवा असेल तर त्याची `Duplicate` करून घ्या. ज्यांना फक्त बघण्याची परवानगी आहे, त्यांनाही आपल्यापुरता तात्पुरता व्ह्यू लावता येतो, पण तो जतन होत नाही. प्रत्येक व्ह्यूची लिंकही वेगळी असते. व्ह्यू उघडा असताना वरच्या पत्त्यात `fvid=` आणि पुढे आकडे दिसतात. तो पूर्ण पत्ता कॉपी करून ज्याचा त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि कॉम्प्युटरवर बुकमार्क करायला सांगा. मग मेनूत शोधायची गरज उरत नाही.

बेरजेचं एक सांगतो, कारण ताई हे विचारणारच. साध्या फिल्टरमध्ये `SUBTOTAL` फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज देतं. व्ह्यूत तसं होत नाही. एका सेलमध्ये सगळ्यांसाठी एकच उत्तर असतं, ते प्रत्येकाच्या व्ह्यूप्रमाणे वेगळं कसं दिसणार? बेरीज अटीनेच मागा:

```
=SUMIFS(Plots!I2:I, Plots!C2:C, "मोहाडी")
```

ही सूत्रं वेगळ्या टॅबवर ठेवा.

मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी मी व्ह्यूच्या भानगडीत पडत नाही. बागेत उन्हात उभं राहून फोनच्या ॲपमध्ये फिल्टर तयार करायला गेलं की तो साधा, सगळ्यांना लागणारा फिल्टर होतो, आणि ऑफिसात आरडाओरड सुरू होते. त्यापेक्षा एक नवा टॅब करा आणि त्याच्या `A2` मध्ये हे टाका:

```
=SORT(FILTER(Plots!A2:J, Plots!H2:H="बाकी"), 7, TRUE)
```

रिपोर्ट बाकी असलेले प्लॉट काढणीच्या तारखेने आपोआप येत राहतील. ७ म्हणजे सातवा कॉलम, G. पहिल्या ओळीत हेडिंग हाताने लिहा, आणि A2 च्या खाली-उजवीकडे कुणी काही टाइप करणार नाही यासाठी टॅब प्रोटेक्ट करा, नाहीतर `#REF!` येऊन सगळी यादी गायब होते.

आणि दर किंवा बँक खाती याच शीटमध्ये असतील, तर व्ह्यूने ती लपवली असं समजू नका. व्ह्यू बंद केला की सगळं समोर येतं. ती माहिती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिची परवानगी फक्त ताईंना द्या.