साइन डिस्टर्बन्सला नॉच फिल्टर नव्हे, रेझोनेटर लागतो

प्रश्न: प्लांटवर ओळखीच्या फ्रिक्वेन्सीचा साइन डिस्टर्बन्स येतोय. इंटर्नल मॉडेल प्रिन्सिपल वापरून तो पूर्ण घालवणारा कंट्रोलर कसा डिझाइन करायचा? ट्रान्सफर फंक्शन आणि स्टेट-स्पेस दोन्ही पद्धती सांगा. आमचे सर म्हणतात त्या फ्रिक्वेन्सीचा नॉच फिल्टर लावला की झालं. बरोबर आहे का?

उत्तर:

तुमचे सर चुकतायत. याच एका गोष्टीवरून जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझा मोठा वाद झाला होता, म्हणून आधी तेच सांगतो.

तिथे मल्चिंग पेपरचे रोल निघायचे. केळी आणि टरबूजवाले शेतकरी घेतात तोच पेपर. तक्रार अशी, की शेतात रोल उलगडताना पेपर एकसारखा बसत नाही, थोड्या थोड्या अंतरावर ढिला पडतो. मी एक तुकडा जमिनीवर पसरून टेप लावला. ढिलाई दर ६३ सेंटीमीटरला येत होती, रोलच्या सुरुवातीला तेवढीच आणि शेवटालाही तेवढीच. दोष गुंडाळल्या जाणाऱ्या रोलचा असता, तर व्यास वाढेल तसं हे अंतर वाढलं असतं. तेव्हा दोष ठरावीक व्यासाच्या रोलरचा होता, आणि २०० मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा परीघ बरोबर तेवढाच भरतो. वाइंडरच्या आधीचा एक रोलर केंद्रातून किंचित सरकलेला निघाला. लाइनचा वेग मिनिटाला ६० मीटर, म्हणजे सेकंदाला १ मीटर, आणि त्रिज्या ०.१ मीटर. म्हणून डिस्टर्बन्सची फ्रिक्वेन्सी ω0 सेकंदाला १० रेडियन, साधारण १.६ हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी अशी हातात आली.

ताणाच्या लूपमध्ये साधा पीआय होता. मालकांनी बाहेरून एक सल्लागार आणले. त्यांनी ताण मोजणाऱ्या लोडसेलच्या सिग्नलवर १.६ हर्ट्झचा नॉच बसवला. स्क्रीनवरचा ताणाचा ग्राफ सरळ रेघ झाला आणि सगळे खूश झाले. वाइंडरवरचा ऑपरेटर मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ग्राफ सपाट शे, पन रोल तसाच शे ना भाऊ." खरं तर रोल आधीपेक्षा वाईट येत होता, आणि तो का हे साध्या गणितात दिसतं.

गणितासाठी प्लांट आणि पीआय असे धरू:

```
G(s)  = 10/(s+10)
C0(s) = 3 + 10/s
```

सेकंदाला १० रेडियनवर G(j10) म्हणजे 1/(1+j), आणि C0 म्हणजे 3-j. त्यांचा गुणाकार 1-2j, त्यात १ मिळवला की 2-2j, त्याचं मान २.८३. म्हणजे नुसता पीआय या लहरीचा ३५ टक्के भाग शिल्लक ठेवतो. रोलरमुळे ताण मुळात १२ न्यूटनने वरखाली होत असेल, तर पीआय तो ४.२ वर आणतो. आता लोडसेलवर नॉच लावा. त्या फ्रिक्वेन्सीला लूप गेन शून्य, १+० म्हणजे १, आणि पूर्णच्या पूर्ण १२ न्यूटन पेपरवर उतरतात. नॉचने कंट्रोलरला त्या लहरीपुरतं आंधळं केलं. ग्राफही नॉचच्या पुढचा, म्हणून तोही आंधळा. ताण बघायचा तर फिल्टरच्या आधीचा सिग्नल बघा, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होतो.

आता मूळ तत्त्व. लहर पूर्ण मारायची, तर एरर शून्य झाल्यावरही मोटरला उलटी लहर मिळत राहिली पाहिजे, कारण रोलर काही थांबलेला नाही. एरर शून्य असताना ती लहर कोण तयार करणार? इनपुट नसतानाही त्याच फ्रिक्वेन्सीला डोलत राहणारी एखादी गोष्ट कंट्रोलरच्या आतच हवी. स्थिर डिस्टर्बन्ससाठी हे काम इंटिग्रेटर करतो, साइनसाठी छेदातलं s²+ω0² करतं. फ्रान्सिस आणि वोनम यांनी १९७६ साली हे सिद्ध करून दाखवलं, आणि त्यातला महत्त्वाचा भाग असा की प्लांटचे आकडे थोडे हलले तरी एरर शून्यच राहायला हवी असेल, तर हे मॉडेल आत असण्यावाचून दुसरा मार्ग नाही. गेन वाढवणं हा मार्ग नव्हे. वरच्या उदाहरणात प्रपोर्शनल गेन ३ चा ६ केला, तरी २० टक्के लहर उरते.

डिझाइन आता सरळ आहे. कंट्रोलरच्या छेदात s(s²+100) ठेवायचं, अंशात चार अज्ञात सहगुणक घ्यायचे आणि क्लोज्ड लूपचे चारही पोल हवे तिथे बसवायचे. मी चारही -10 वर घेतो:

```
s(s²+100)(s+10) + 10(b3·s³+b2·s²+b1·s+b0) = (s+10)^4
b3=3, b2=50, b1=300, b0=1000
C(s) = 3 + 10/s + 40s/(s²+100)
```

शेवटची ओळ नीट बघा. आंशिक अपूर्णांक केले की जुना पीआय जसाच्या तसा बाहेर पडतो आणि त्याच्या शेजारी एक रेझोनेटर उभा राहतो. म्हणजे चालू कारखान्यात पीआयला हातही लावायचा नाही, फक्त ही तिसरी संज्ञा समांतर जोडायची.

पण ४० हा गेन मी प्रत्यक्ष मशीनवर ठेवणार नाही. ड्राइव्ह आणि पीएलसी मिळून २० मिलिसेकंदांचा उशीर धरला, तर नुसत्या पीआयचा फेज मार्जिन ७० अंशांच्या आसपास येतो आणि ४० चा रेझोनेटर जोडल्यावर तो ४० अंशांवर घसरतो. गेन ४ घ्या. मार्जिन जवळपास जागचा हलत नाही, आणि फ्रिक्वेन्सी बरोबर असेल तर लहर तरीही पूर्णच जाते, कारण पीक अनंतच आहे. गेनने फक्त दोन गोष्टी ठरतात. एक, लहर किती वेळात विरेल: ४ ला साधारण दोन सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट येतो. दुसरी, फ्रिक्वेन्सी चुकल्यावर किती उरेल: वेग २ टक्क्यांनी बदलला तर ४ गेनला १३ टक्के लहर उरते, ४० ला दीड टक्का. म्हणून मी गेन कमी ठेवतो आणि फ्रिक्वेन्सी एन्कोडरकडून घेतो.

कोडमध्ये रेझोनेटर असा लिहा (Ts = 0.01):

```
th = (v/r)*Ts
c = cos(th);  s = sin(th)
n1 = c*x1 - s*x2 + k*Ts*e
n2 = s*x1 + c*x2
x1 = n1;  x2 = n2
xi = xi + Ts*e
u = Kp*e + Ki*xi + x1
```

यात x1 आणि x2 ही जोडी दर वेळी th इतकी फिरते, वाढत नाही आणि विरतही नाही. लाइनचा वेग बदलला की th आपोआप बदलतो. हेच बॅकवर्ड ऑयलरने लिहिलं, तर रेझोनेटरमध्ये न मागितलेलं डॅम्पिंग शिरतं. वरच्या आकड्यांत ४ गेन असताना त्याचं पीक अनंताऐवजी ४ च राहतं आणि १८ टक्के लहर कायम उरते. फॉरवर्ड ऑयलरने उलट होतं, रेझोनेटर स्वतःच वाढत जातो. बॅकवर्ड ऑयलरची चूक ओळखायची खूण अशी: लहर कमी होते, पण एका पातळीवर येऊन अडते आणि तिथेच बसते.

आमच्याकडे नॉच नुसता काढला, तेव्हाच पेपरचा ढिलेपणा बराच कमी झाला. मग रेझोनेटर टाकल्यावर फिल्टरआधीच्या सिग्नलमध्ये १.६ हर्ट्झची लहर नॉइजमध्ये मिसळून गेली. त्यावर सल्लागार साहेब म्हणाले, "हा माझाच नॉच आहे, थोडा सुधारून." नाही. डिस्टर्बन्सपासून एररपर्यंतच्या वाटेवर नॉच तयार होतो हे खरं, पण तो कंट्रोलरमध्ये पीक ठेवल्यामुळे होतो. कंट्रोलरमध्येच नॉच ठेवला, तर त्याच वाटेवरचा सगळा अटकाव उठतो. दोन्ही अगदी उलट गोष्टी आहेत, आणि तुमच्या सरांना पटवायचं असेल तर वरचे दोन आकडे, ३५ टक्के आणि १०० टक्के, फळ्यावर मांडा. नॉचचं काम वेगळं आहे: लवचिक शाफ्टसारखा रेझोनन्स प्लांटमध्येच असेल आणि लूपने त्याला डिवचू नये असं वाटत असेल, तेव्हा तो लावतात.

काही अटी राहिल्या. प्लांटला नेमका ±jω0 वर झिरो असेल, तर हे जमणारच नाही, कारण मोटरची लहर ताणापर्यंत पोचतच नाही. फेजही तपासा. पीआय चालू ठेवून u मध्ये त्या फ्रिक्वेन्सीची छोटी साइन घाला आणि ताण किती अंश मागे पडतो ते मोजा. माझ्या उदाहरणात तो शून्य येतो म्हणून नुसता x1 चालला. तुमच्याकडे φ आला तर x1 च्या जागी cosφ·x1 - sinφ·x2 वापरा. फरक ९० अंशांपलीकडे असेल आणि तुम्ही तो भरून काढला नाही, तर गेन कितीही लहान ठेवा, लूप अस्थिरच होणार. ड्राइव्ह मर्यादेला टेकला की रेझोनेटरला जाणारा e तेवढ्यापुरता शून्य करा, नाहीतर x1 आणि x2 फुगत जातात.

आणि सरकलेला रोलर खुद्द लोडसेलचाच असेल, तर हे अजिबात लावू नका. तेव्हा सेन्सरमधली सगळी लहर पेपरमधली नसते. कंट्रोलर सेन्सरचं वाचन सपाट करण्यासाठी खऱ्या ताणात लहर घालेल. रोलर लंबगोल असेल तर फेऱ्याला दोन लहरी येतात, त्यासाठी 2ω0 चा वेगळा रेझोनेटर शेजारी लावावा लागतो.

स्टेट-स्पेसमध्ये वरचे x1, x2 आणि xi प्लांटच्या स्टेटला जोडायचे आणि त्या वाढीव सिस्टिमवर पोल प्लेसमेंट किंवा एलक्यूआर चालवायचं. वरचेच चार पोल मागितलेत, तर सेन्सरवर दिसणारी लहर तिथेही तशीच शून्य होते.