डबा टीव्हीला एचडी बॉक्स: दोष बहुतेक वायरीत असतो

*«जुना डबा टीव्ही आहे. नवीन एचडी बॉक्सला गोल पिनीची वायर लावली, तर चित्र वर-खाली पळतंय, रंग नाही, आवाजात घूंऽऽ येतंय. कंपनीवाले म्हणतात टीव्ही बदला. काय करू?»*

भाऊ, टीव्ही भंगारात देऊ नका. परभणीला आईच्या टीव्हीचं अगदी हेच झालं होतं. कस्टमर केअरवाली बाई दरवेळी "सर, टीव्ही एचडी आहे का?" एवढंच विचारायची. शेवटी माणूस आला, वायरीला हातही न लावता "पिक्चर ट्यूब गेली" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. त्याच टीव्हीवर, त्याच पिवळ्या सॉकेटला डीव्हीडी झकास चालत होती! ट्यूब गेली असती तर ती तरी कशी दिसली असती?

खरी गोम त्या गोल पिनीत असते. तिच्यावर तीन रेघा, म्हणजे चार भाग: दोन आवाजाचे, एक चित्राचा, एक अर्थिंगचा. कुठला भाग कशाचा, हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. वायरी मात्र दिसायला एकसारख्या, त्यामुळे दुकानदार हाताला येईल ती देतो.

आधी बॉक्स-टीव्ही बंद करून टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटात (एव्ही इनच्या, आउटच्या नव्हे) वायरीची लाल पिन लावा, मग पांढरी. एखादीवर चित्र स्वच्छ आलं तर फक्त क्रम उलटा आहे. तीच चित्राला ठेवा, उरलेल्या दोन आवाजाला. आमच्याकडं लाल पिनीवर चित्र आलं आणि आई आजही तसंच बघते. तिन्ही पिनांवर चित्र फाटत असेल, घूंऽऽ जात नसेल, तर अर्थिंगच चुकीच्या भागावर आहे. मग ती वायर कितीही हलवा, उपयोग नाही. बॉक्स पिशवीत घालून दुकानात न्या आणि तिथंच लावून बघून वायर घ्या.

चित्र स्थिर आहे पण काळं-पांढरं, असं असेल तर प्रकरण वेगळं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राची पद्धत एनटीएससी असेल तर ती पाल करा, आपले जुने टीव्ही पालवर चालतात. लाल-हिरवी-निळी अशी कंपोनंट वायर असेल तर हिरवी पिवळ्यात लावल्यावरही असंच दिसतं, कारण हिरवीत फक्त उजेड-अंधाराचा सिग्नल असतो, रंग बाकीच्या दोन वायरींत. टीव्हीला ती तिन्ही सॉकेटं नसतील तर ती वायर विसरा.

एचडीएमआयचा कन्व्हर्टर लगेच घेऊ नका. घ्यायचाच झाला तर वर HDMI2AV लिहिलेला बघा. AV2HDMI वाला उलट्या दिशेचा, डबी मात्र तशीच. आणि त्याला वेगळा पाच व्होल्टचा चार्जर लागतो.

मी काही मेकॅनिक नाही, घरच्या अनुभवावरून सांगतोय. टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडू नका, बंद टीव्हीतही जोराचा झटका बसतो. आवाजाला एकच पांढरं सॉकेट असेल तर लाल पिन लोंबकळू द्या, एका बाजूच्या आवाजावर बातम्या नीट ऐकू येतात.