एडिशन किती प्रतींची आणि किंमत कधी वाढवायची

"लिनोकटची पहिली एडिशन काढतेय. ५० प्रती ठेवू की १००? आणि प्रती विकल्या जातील तशी किंमत वाढवायची म्हणतात, ती नेमकी कधी?"

१०० नकोच. पहिल्या वर्षात ओळखीपाळखीत, प्रदर्शनात जेवढ्या प्रती खरोखर खपतील असं वाटतं, तेवढ्याच ठेवा. मी आता ३० वर थांबते. वर ३ ए/पी, म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती, साधारण दहा टक्के. एकाच ब्लॉकवर कोरत कोरत रंग चढवणार असाल तर मात्र आकडा आधीच पक्का हवा, कारण पुढच्या रंगासाठी कोरलं की मागचा रंग पुन्हा छापता येत नाही. रंग सरकून काही प्रती बिघडतातच, त्यामुळे ३० हव्या असतील तर ३७-३८ कागदांपासून सुरुवात करा.

किमतीचं माझं गणित असं: पहिल्या १२ प्रती ३,००० ला, पुढच्या १० प्रती ४,००० ला, नंतरच्या ५ प्रती ५,५०० ला आणि शेवटच्या ३ प्रती ८,००० ला. सगळ्या गेल्या तर १,२७,५०० होतात. पण पहिली किंमत ठरवताना गॅलरीचं कमिशन धरा. ४० टक्के गेले की ३,००० चे १,८०० उरतात, आणि कागद, शाई, तुमची मेहनत त्यातच बसवायची असते.

मला सगळ्यात महागात पडलं ते वेगळंच. मी पायरी प्रतीवरच्या क्रमांकाला बांधली होती: १ ते १२ स्वस्त, १३ पासून महाग. एका गॅलरीला विक्रीसाठी ५ ते १० क्रमांक दिले आणि बाकीच्या स्वतः विकत गेले. माझ्याकडे भाव ५,५०० वर पोचला तेव्हाही त्यांच्या भिंतीवर ६/३० खाली ३,००० ची चिठ्ठी होती. दोनदा फोन केला, मेल पाठवला, उत्तर नाही. मग माझ्याकडून ५,५०० ला घेतलेल्या बाईंनी तिथे ती चिठ्ठी पाहिली. त्यांना फरकाचे पैसे परत केले, पण त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. अजून वाईट वाटतं.

म्हणून पायरी विकल्या गेलेल्या एकूण प्रतींवर ठरवा, कागदावरच्या क्रमांकावर नाही. २६/३० आधी विकली गेली तरी ती पहिल्याच भावात जाते. सगळ्या विक्रीची एकच वही ठेवा. गॅलरीला प्रती देताना पावतीवर लिहून घ्या की भाव बदलल्याचं कळवल्यावर आठवड्यात चिठ्ठी बदलायची आणि प्रत विकली की त्याच दिवशी सांगायचं. सही करत नसतील तर प्रती देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. आणि एकदा चढवलेला भाव उतरवू नका. विक्री थांबली तर त्याच पायरीवर थांबा.

हा अनुभव लिनो आणि वुडकटचा, डिजिटल प्रिंटचं मी सांगू शकणार नाही. हो, क्रमांक आणि सही पेन्सिलनेच करा, पेनची शाई कालांतराने उडते.