तक्रार अर्ज तपासताय? ऱ्हस्व-दीर्घ शेवटी बघा

प्रश्न: मामांनी पोलीस स्टेशनला द्यायला मराठीत तक्रार अर्ज लिहिलाय आणि मला तपासायला दिलाय. नेमकं काय बघू? भाषा नम्र ठेवू की कडक?

आधी तारखा बघा. सांगलीत एका छापखान्यात मी बरीच वर्षं प्रुफं वाचली, तरी घरच्याच अर्जात माती खाल्ली, म्हणून सांगतो.

तासगाव तालुक्यात चुलतभावाची द्राक्षबाग आहे. मार्च 2025 मध्ये विहिरीवरची मोटर आणि केबल चोरीला गेली. दादानं अर्ज लिहिला आणि माझ्यापुढं टाकला. "तू नुसती काना-मात्रा बघ, मजकुराला हात लावायचा न्हाई." मी तेवढंच केलं. 'पोलिस निरिक्षक'चं 'पोलीस निरीक्षक' केलं आणि खूश झालो.

ठाण्यात हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "मोटर 11 तारखेला रात्री 2 ला गेली म्हणता, मग त्याच दिवशी संध्याकाळी 6 ला पाणी कशानं दिलं?"

आपल्या बोलण्यात झोपून उठेपर्यंत तीच रात्र असते. कागदावर मात्र बाराला तारीख बदलते. दादाला म्हणायचं होतं 11 ची रात्र उलटून 12 ची पहाट. शिवाय 2 वाजता त्यानं फक्त कुत्र्यांचं भुंकणं ऐकलं होतं, चोरी होताना पाहिली नव्हती. अर्जात दोन्ही एकच झालं होतं.

घरी येऊन मी दादाला प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न विचारला: हे तू पाहिलंस, ऐकलंस की तुला वाटतंय? मग असं लिहिलं:

"दि. 11/03/2025 रोजी सायंकाळी 6 वाजता मी मोटर चालू करून बागेस पाणी दिले व 8 वाजता मोटर बंद करून घरी आलो. दि. 12/03/2025 रोजी पहाटे 2 वाजण्याच्या सुमारास कुत्री भुंकल्याचा आवाज आला, परंतु मी बाहेर जाऊन पाहिले नाही. सकाळी 6:30 वाजता विहिरीवर गेलो असता मोटर जागेवर नव्हती व केबल कापलेली दिसली."

"बाहेर जाऊन पाहिले नाही" हे दादाला काढायचं होतं, कमीपणा वाटतो म्हणे. मी काढू दिलं नाही. उद्या कोणी विचारलं की आवाज आला तर उठला का नाहीत, तर उत्तर पहिल्याच कागदावर असलेलं बरं. कोर्टात पुढचा जबाब या पहिल्या मजकुराशी ताडून बघतात. म्हणूनच तपासणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकही गोष्ट घालायची नाही. मामांनी 'ढकलले' लिहिलं असेल तर 'जबर मारहाण केली' करू नका. तारीख जुळत नसेल तर अंदाजानं दुरुस्त न करता त्यांनाच विचारा. नक्की आठवत नसेल तर 'सुमारास' लिहा.

आता भाषा. दादाच्या पहिल्या अर्जात बांधकरी 'नराधम' आणि 'अट्टल चोर' होता. पुराव्यादाखल काय, तर आठ दिवसांपूर्वी बांधावरून भांडण झालं तेव्हा तो "बघून घेतो" म्हणाला होता. मग तेच लिहायचं ना! कोणत्या तारखेला, कुठं, कोणासमोर म्हणाला, आणि शेवटी "त्यामुळे माझा त्यांच्यावर संशय आहे." संशयाचा परिच्छेद घटनेनंतर, वेगळा. "वारंवार तक्रार करूनही आपण दखल घेत नाही" हे वाक्यही होतं, आणि अर्ज पहिलाच! कुणाच्या तरी जुन्या अर्जातून उतरवलेलं. त्याच अर्जातून 'भा.दं.वि. कलम 379'ही आलं होतं. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, तिथं चोरीला 303 आहे. पण कलम लिहायची गरजच नाही, ते पोलीस ठरवतात.

'मेहेरबान', 'कृपावंत' यांची माळही नको. वर 'मा. पोलीस निरीक्षक साहेब', खाली 'चौकशी करून कायदेशीर कारवाई व्हावी, ही विनंती'. एवढा मान पुरतो.

सही करण्याआधी अर्ज मामांना मोठ्यानं वाचून दाखवा. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोहोच घ्या.

हां, आणि मारहाण किंवा जिवाचा धोका असेल तर प्रुफं बघत बसू नका. 112 ला फोन करा. ठाण्यात जाऊन तोंडी सांगितलं तरी त्यांनी लिहून घ्यायचं असतं.

मोटर सापडली नाही. दादा अजून भावकीत सांगतो की ह्याच्या गुळमट भाषेमुळं चोर सुटला. गुन्हा नोंद झाला तो दुसऱ्या अर्जावर, हे मात्र तो सांगत नाही. नराधमवाला कागद माझ्याकडं जपून ठेवलाय.