सीजीपीए 7.69 म्हणजे किती टक्के?

"दादा, मी नाशिकच्या ऑटोनॉमस कॉलेजची, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन घेतलेली. मार्कशीटवर सीजीपीए 7.69 आहे, पण सहा एसजीपीएची सरासरी 7.80 येते. मागे छापलेल्या सूत्रात क्रेडिट धरलेत आणि टक्के = (सीजीपीए − 0.75) × 10 असं आहे. जर्मनीच्या अर्जात 69.4 लिहू की 70.5? कोर्सला जर्मन ग्रेड 2.5 किंवा त्याहून चांगली लागते."

69.4 लिही. मार्कशीट बरोबर आहे. तू पाठवलेल्या आकड्यांवरून मी ती तपासली, आणि अर्ज करण्याआधी तूही एकदा हाताने करून बघ.

साध्या सरासरीत सगळ्या सेमिस्टरना सारखंच वजन मिळतं. तुझं आठवं सेमिस्टर फक्त 14 क्रेडिटचं आहे आणि एसजीपीए 9.21 आहे. चौथं 24 क्रेडिटचं आणि 7.00 आहे. म्हणजे सगळ्यात छोटं सेमिस्टर सगळ्यात चांगलं गेलंय, म्हणून साधी सरासरी वर चढते. आठव्यात 9.21 आले तेही क्रेडिटमुळेच: इंटर्नशिप 10 क्रेडिट, ग्रेड पॉइंट 10, इलेक्टिव्ह 3 क्रेडिट, 7, सेमिनार 1 क्रेडिट, 8. बेरीज 100 + 21 + 8 = 129, भागिले 14. नुसत्या तीन ग्रेडची सरासरी काढली असती तर 8.33 आली असती.

सीजीपीएसाठी अशीच बेरीज सहाही सेमिस्टरची करायची:

```
CGPA = Σ(C × GP) / ΣC
     = (158+168+163+167+168+129) / (22+24+22+22+20+14)
     = 953 / 124 = 7.69
```

सेमिस्टरचे क्रेडिट पॉइंट छापलेले नसतील तर एसजीपीएला क्रेडिटने गुण. तिसऱ्या सेमिस्टरचं 22 × 7.18 = 157.96 येतं, म्हणजे 158. अर्ध्या क्रेडिटचा विषय नसेल तर हा गुणाकार पूर्णांकाला जवळजवळ चिकटलाच पाहिजे. चुकून 23 क्रेडिट धरलेस तर 165.14 येईल, आणि एवढा फरक नुसत्या राउंडिंगने पडत नाही. तसं दिसलं की क्रेडिट पुन्हा मोज. बहुतेकदा शून्य क्रेडिटचा ऑडिट कोर्स मोजलेला असतो, नाहीतर बॅकलॉगचा विषय दोनदा धरलेला असतो. तुझं पहिलं वर्ष डिप्लोमामुळे माफ आहे, म्हणून त्याचे क्रेडिट खाली भाजकातही घ्यायचे नाहीत.

टक्क्यांना सूत्र तुझ्या कॉलेजचंच. 9.5 ने गुणायची पद्धत 2017 पर्यंतच्या सीबीएसई दहावीची होती, तिचा इथे संबंध नाही. मार्कांची बेरीज करून वेगळे टक्के काढून तेही लिहू नकोस. एका ग्रेडमध्ये मार्कांचा मोठा पट्टा बसतो, त्यामुळे ते आकडे जुळणारच नाहीत आणि अर्ज तपासणाऱ्याला दोन परस्परविरोधी कागद दिसतील.

आता तुझ्या 2.5 च्या अटीकडे ये, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. 69.4 की 70.5 यापेक्षा कितीतरी मोठा घोळ इथे होतो. जर्मनीत बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्र लावतात. त्यात कमाल गुण Nmax, पास होण्याचे किमान गुण Nmin आणि तुझे गुण Nd असे तीन आकडे लागतात:

```
1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

सीजीपीए थेट घातला, कमाल 10 आणि पास ग्रेड P म्हणजे 4, तर 1 + 3 × 2.31 / 6, म्हणजे साधारण 2.16. जर्मन ग्रेडचा आकडा जितका लहान तितकी ती चांगली, म्हणून अट आरामात पूर्ण होते. पण टक्के घालून कमाल 100 आणि पास 40 धरले तर 1 + 3 × 30.6 / 60 = 2.53, आणि अर्ज अटीबाहेर! मुलगी तीच, गुणही तेच.

कारण असं, की तुझ्या कॉलेजच्या सूत्राने 100 टक्के कोणालाच मिळू शकत नाहीत. 10 पैकी 10 मिळाले तरी टक्के 92.5 होतात, आणि पासचे 4 म्हणजे 32.5. हे दोन आकडे घालून बघ: 23.1 / 60 × 3 + 1, परत 2.16. म्हणजे टक्के चालतील, पण कमाल आणि किमान आकडे त्याच सूत्रातून आलेले हवेत.

म्हणून अर्जात ग्रेडची पद्धत निवडायला मिळाली तर 10 पैकी 7.69 आणि पास 4 असंच भर. टक्क्यांचा रकाना सक्तीचा असेल तरच 69.4.

परीक्षा विभागातून सही-शिक्क्याचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट काढ. नुसते "69.4 टक्के" एवढंच लिहून दिलं तर घेऊ नकोस. त्यावर क्रेडिट धरून काढलेला सीजीपीए 7.69, एकूण क्रेडिट 124, सूत्र, कमाल ग्रेड पॉइंट 10 आणि पासिंग 4 हे सगळं एकाच कागदावर मागून घे. साधारणपणे टक्के आणि सूत्र एवढंच छापतात, पासिंग ग्रेड पॉइंटची ओळ आपण सांगितल्याशिवाय येत नाही.