‘फक्त फॉरमॅटिंग’ची हद्द कुठे संपते?

प्रश्न: माझ्याकडे २३० पानांच्या मराठी प्रबंधाची वर्ड फाइल आली आहे. ‘फक्त फॉरमॅटिंग नीट करून द्या’ एवढेच सांगितले आहे. फॉन्ट तीन-चार प्रकारचे आहेत, क्रमांक हाताने टाकलेले आहेत, अंतरे कशीही आहेत. यात नेमके काय काय करायचे आणि कुठे थांबायचे?

उत्तर:

मी स्वतःपुरता एक नियम ठरवून घेतला आहे. काम संपल्यावर मूळ फाइल आणि माझी फाइल यांतला मजकूर अक्षरशः तोच असला पाहिजे. बदललेले असेल ते फक्त त्याचे दिसणे. हे पडताळायला वर्डमध्ये Review खाली Compare आहे. त्यातल्या More मध्ये जाऊन Formatting आणि White space यांवरच्या खुणा काढाव्यात आणि दोन्ही फायली ताडून पाहाव्यात. हाताने टाइप केलेले क्रमांक काढून तुम्ही स्वयंचलित क्रमांक आणले असतील, तर ते आणि त्यांच्यामुळे बदललेले मजकुरातले उल्लेख तेवढे खुणावलेले दिसतील आणि ते अपेक्षितच आहे. त्यापलीकडे एखादा शब्द लाल दिसला, तर तुम्ही हद्द ओलांडली आहे किंवा चुकून काहीतरी पुसले गेले आहे.

आता फॉन्टविषयी, कारण भाव सांगण्याआधी पाहायची गोष्ट तीच आहे. प्रत्येक प्रकरणातला एक-एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तो देवनागरीतच राहिला, तर मजकूर युनिकोड आहे. त्याची रोमन अक्षरे आणि चिन्हे झाली, तर तो श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. अशा मजकुराचा फॉन्ट बदलणे हे फॉरमॅटिंग नव्हेच, कारण फाइलमध्ये मुळात ‘क’ नसतोच. एखादे रोमन अक्षर असते आणि तो फॉन्ट त्याला ‘क’चा चेहरा देतो. सगळा मजकूर निवडून कोकिळा फॉन्ट लावला की ते रोमन अक्षर उघडे पडते. असा मजकूर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर वापरावा लागतो, आणि कन्व्हर्टर रफार, जोडाक्षरे आणि मधूनच आलेले इंग्रजी शब्द यांत हमखास गडबड करतो. म्हणजे मुद्रितशोधन आले. हे काम वेगळे सांगावे, वेगळे आकारावे आणि मूळ छापील प्रत मागून घ्यावी.

युनिकोड मजकुरातही एक खड्डा आहे. वर्ड देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार रोमनपासून वेगळे ठेवते. शैलीच्या Font खिडकीत Latin text आणि Complex scripts असे दोन भाग असतात. पहिल्यात १४ भरून दुसरा तसाच ठेवला, तर इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी जागच्या जागी राहते. दुसरा भाग दिसतच नसेल, तर ऑफिसच्या संपादनभाषांमध्ये मराठी जोडावी लागते. शिवाय ‘नको ती अदृश्य चिन्हे’ काढून टाकणारे मॅक्रो मराठी फाइलवर चालवू नका. ‘आचाऱ्याला’ हा शब्द अनेकांनी साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असा टाइप केलेला असतो. ते चिन्ह गेले की ‘आचार्याला’ होते, आणि स्वयंपाक्याचा गुरुजी झालेला असतो.

क्रमांकांचे काम मला सर्वांत नाजूक वाटते, कारण इथे दिसणे आणि अर्थ एकमेकांत गुंतलेले असतात. स्त्रियांच्या श्रमांवरचा एक प्रबंध माझ्याकडे आला होता. त्यात चौथ्या प्रकरणात ४.३ हा क्रमांक दोन मथळ्यांना दिलेला होता. मी Heading 1, Heading 2 आणि Heading 3 या शैली बहुस्तरीय यादीला जोडल्या, अंक देवनागरी ठेवले आणि हाताने टाइप केलेले क्रमांक काढले. दुसरा ४.३ आपोआप ४.४ झाला आणि त्याखालचे सगळे एकेक घर सरकले. मथळे निर्दोष दिसू लागले. पण सहाव्या प्रकरणात ‘४.५ मध्ये पाहिल्याप्रमाणे’ असे वाक्य होते आणि तो विषय आता ४.६ मध्ये गेला होता. असे उल्लेख दुरुस्त करणे क्रमांकांच्या कामातच येते, असे माझे मत आहे, कारण ते आपल्याच बदलामुळे चुकतात. म्हणून शैली यादीला जोडल्यावर, पण मूळ क्रमांक काढण्याआधी मजकुरातला प्रत्येक ‘४.’ शोधून त्याच्या जागी Cross-reference घालावा, म्हणजे पुढे Ctrl+A आणि F9 दाबल्यावर तो स्वतःच नवा क्रमांक घेतो. त्यानंतर ‘Error! Reference source not found.’ कुठे उमटले आहे का, तेही शोधावे.

त्याच प्रबंधात ‘तक्ता ४.७ पाहा’ असेही होते आणि तक्ता ४.७ अस्तित्वातच नव्हता. ४.८ पाहिला, तर तो जुळेलसा वाटत होता. तो मी जुळवला नाही. समासात टिप्पणी टाकून लेखिकेला विचारले. तेव्हा तो तक्ता मार्गदर्शकांच्या सूचनेवरून काढून टाकलेला आणि ते वाक्य चुकून मागे राहिलेले निघाले. मी अंदाजाने ४.८ केले असते, तर चुकीचा पुरावा माझ्या हातून त्या वाक्याला जोडला गेला असता.

अंतरांबाबत बहुतेक जण ^p^p शोधून त्याजागी ^p टाकतात आणि मोकळे होतात. सामान्य गद्याला ते चालते, मात्र त्याआधी शैलीत परिच्छेदानंतरचे अंतर दिलेले असावे. त्या प्रबंधाच्या परिशिष्टात जात्यावरच्या ओव्या होत्या. तिथे रिकामी ओळ म्हणजे एक ओवी संपल्याची खूण होती, आणि सरसकट बदलाने सगळ्या ओव्या एकमेकींत मिसळल्या असत्या. अशा मजकुराला आधी स्वतंत्र शैली लावून बाजूला काढावे आणि ती डावीकडून सरळ ठेवावी, दोन्हीकडून नव्हे. कारण Shift+Enter ने तोडलेली ओळ दोन्ही समासांना लावली की तीन शब्द पानभर ताणले जातात.

मांडणीत ¶ चिन्हे दिसू द्यावीत, मगच हात घालावा. नको असलेले कोरे पान बहुधा Page Break आणि त्याला लागूनच आलेल्या Section Break (Next Page) मुळे तयार होते. अशा वेळी Page Break काढायचा, Section Break नाही. आडव्या तक्त्याच्या आधीचा Section Break पुसला, की त्याच्या वरचा मजकूर खालच्या विभागाची मांडणी उचलतो आणि उभे प्रकरण आडवे होऊन बसते. समास आणि सुरुवातीच्या पानांचे क्रमांक यांसाठी विद्यापीठाचे परिपत्रक मागून घ्या. ते मिळेपर्यंत हा भाग शेवटी ठेवा.

शुद्धलेखन, संदर्भसूचीतली विरामचिन्हे, एकाच संज्ञेची दोन रूपे या गोष्टी दिसतात आणि बोटे शिवशिवतात, पण त्यांची यादी करून पाठवा, दुरुस्त करू नका. संदर्भसूचीची ओळ आत सरकवणे तुमचे काम. वर्ष आधी की प्रकाशक आधी, हे लेखकाचे. फाइल देताना सोबत पीडीएफही द्या, कारण तुमचा फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसेल, तर पाने सरकतात आणि ‘तुम्ही दिलेली अनुक्रमणिकाच चुकीची आहे’ असा फोन येतो.